ईच-वे म्हणजे एक तिकीट, पण पैजा दोन

प्रश्न : मुलगी आणि जावई लीड्सला असतात. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत आणि जावईबापू यॉर्कची घोड्यांची रेस दाखवायला नेणार आहेत. ते फोनवर म्हणाले, "मामा, ईच-वे लावा, घोडा पहिला नाही आला तरी पैसे मिळतात." सारंगखेड्याच्या बाजारात जन्मभर घोडे पाहिले, पण रेसवर रुपया कधी लावला नाही. दहा पाउंड लावायचे ठरवले आहे. किती मिळतील, कधी मिळतील आणि कधी बुडतील, हे हिशेबासकट सांगा. तिथे खिडकीवर गोंधळ नको. – एक वाचक, शहादा

उत्तर : जावईबापूंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. घोडा पहिला नाही आला तरी पैसे मिळू शकतात. मात्र तो कितवा आला, त्या रेसमध्ये एकूण किती घोडे पळाले आणि त्याचा भाव काय होता, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. या तिन्ही समजल्या की ईच-वे समजलं.

आधी मूळ गोष्ट. ईच-वे ही एक पैज नाही. एकाच घोड्यावर सारख्या रकमेच्या दोन वेगळ्या पैजा असतात. पहिली 'विन', म्हणजे घोडा पहिला येईल ही. दुसरी 'प्लेस', म्हणजे घोडा ठरलेल्या पहिल्या दोन, तीन किंवा चार नंबरांत येईल ही. कपाशीत तुरीचे तास टाकतो तसं हे आहे. कपाशी गेली तरी तूर हाती लागते, पण तुरीला दिलेली जागा कपाशीला मिळत नाही.

त्यामुळे खिडकीवर "टेन पाउंड्स ईच-वे" म्हणालात तर तुमच्याकडून वीस पाउंड घेतले जातील, दहा विनचे आणि दहा प्लेसचे. पहिल्यांदा खेळणारे हमखास इथेच फसतात. तुमचे एकूण दहा पाउंडच लावायचे असतील तर "फाइव्ह पाउंड्स ईच-वे" म्हणायचं. तिकिटावर एकूण रक्कम दहा छापून आली आहे ना, हे खिडकी सोडायच्या आत पाहून घ्या.

आता भाव. मैदानावर स्वतःच्या जबाबदारीवर पैजा घेणारा जो बुकमेकर असतो, त्याच्या फळ्यावर घोड्याच्या नावापुढे 12/1 असं लिहिलेलं असतं, कधी नुसतंच 12. त्याचा अर्थ, एका पाउंडला बारा पाउंड नफा आणि तुमचा मूळ पाउंड परत. 9/2 असेल तर दोन पाउंडला नऊ, म्हणजे एकाला साडेचार. प्लेसच्या पैजेला हा पूर्ण भाव मिळत नाही. त्याचा चौथा किंवा पाचवा हिस्सा मिळतो. किती हिस्सा आणि कितव्या नंबरापर्यंत, यालाच प्लेस टर्म्स म्हणतात, आपण प्लेसच्या अटी म्हणू.

ब्रिटनमध्ये या अटींची एक रूढ पट्टी आहे आणि ती पळणाऱ्या घोड्यांच्या संख्येवर चालते. चार किंवा त्याहून कमी घोडे असतील तर प्लेस नाहीच, फक्त विन. पाच ते सात घोडे असतील तर पहिल्या दोघांना प्लेस आणि भावाचा चौथा हिस्सा. आठ किंवा जास्त घोडे असतील तर पहिल्या तिघांना प्लेस, पण हिस्सा पाचवा. हँडिकॅप रेस असेल तर बारापासून पट्टी बदलते. बारा ते पंधरा घोडे असले की पहिले तीन आणि चौथा हिस्सा. सोळा किंवा जास्त असले की पहिले चार आणि हिस्सा चौथाच. हँडिकॅप म्हणजे ज्या रेसमध्ये चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन आणि कमजोरावर कमी वजन देऊन सगळ्यांना बरोबरीत आणायचा प्रयत्न करतात ती रेस. रेसकार्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या रेस आणि घोड्यांच्या छापील यादीत, 'हँडिकॅप' असं छापलेलं असतं, ते आधी शोधा.

ही पट्टी पाठ करायची गरज नाही, कारण प्रत्येक बुकमेकर आपल्या अटी फळ्यावर लावतो आणि त्याच्याकडे लावलेल्या पैजेला त्याच्याच अटी लागू होतात. मैदानावरचे सगळे बुकमेकर सारख्या अटी देतीलच असं नाही. शेजारच्या दोन फळ्यांवर भाव एकच असेल पण एकावर चौथा हिस्सा आणि दुसऱ्यावर पाचवा असेल, तर तो फरक तुमच्याच खिशातला आहे. पट्टी माहीत असण्याचा उपयोग असा, की समोरचा रूढ अटी देतोय की त्याहून कमी, हे तुम्हाला लगेच कळतं.

आता तुमचे दहा पाउंड घेऊ. यॉर्कला ऑगस्टमध्ये चार दिवसांची मोठी मीटिंग असते. तिच्यातली एबॉर ही हँडिकॅप 1843 पासून चालत आलेली आहे आणि त्या दिवसांत भरपूर घोड्यांच्या रेस पाहायला मिळतात. तिथली एखादी हँडिकॅप धरू. घोडे सोळा, तुमच्या घोड्याचा भाव 12/1, अटी रूढ : पहिले चार, चौथा हिस्सा. तुम्ही पाच पाउंड ईच-वे लावलेत, एकूण दहा.

घोडा पहिला आला. विनचे पाच पाउंड 12/1 ने साठ पाउंड नफा देतात आणि पाच परत येतात, म्हणजे पासष्ट. पहिला आलेला घोडा पहिल्या चारांत आहेच, म्हणून प्लेसही लागलं. प्लेसचा भाव बाराचा चौथा हिस्सा, म्हणजे 3/1. पाच पाउंडांवर पंधरा नफा आणि पाच परत, म्हणजे वीस. हातात एकूण पंच्याऐंशी पाउंड, त्यातला नफा पंच्याहत्तर.

घोडा दुसरा, तिसरा किंवा चौथा आला. विनचे पाच गेले. प्लेसचे वीस आले. दहा घातले होते, वीस हातात आले, नफा दहा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : दुसरा आला काय किंवा चौथा आला काय, रक्कम एकच. दुसऱ्याला जास्त मिळत नाही.

घोडा पाचवा आला तर दहाच्या दहा गेले. नाकभर अंतराने पाचवा आला तरी तेच.

हेच दहा पाउंड सरळ विनवर लावले असते आणि घोडा पहिला आला असता तर एकशेवीस नफा आणि दहा परत, म्हणजे एकशेतीस मिळाले असते. ईच-वेमध्ये पंच्याऐंशी मिळाले. मधले पंचेचाळीस पाउंड ही दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या नंबरच्या आधाराची किंमत आहे. आधार फुकट नाही, हे जावईबापूंच्या वाक्यात राहून गेलं.

मोबाइलवर किंवा काही स्क्रीनवर हाच भाव 13.00 असा दिसेल. त्या पद्धतीत तुमचा मूळ पाउंड भावातच धरलेला असतो. तेराचा चौथा हिस्सा काढलात तर हिशेब चुकतो. आधी एक वजा करायचा, बारा उरले, त्याचे चार भाग करून तीन, मग एक परत मिळवायचा. प्लेसचा भाव 4.00.

आता खरा मुद्दा, जो बहुतेकांना कुणी सांगत नाही. ईच-वे सगळ्या रेसमध्ये सारखं फायद्याचं नसतं आणि यात सर्वात महत्त्वाचा आकडा सोळा आहे. का, ते एका साध्या हिशेबाने पाहू. घटकाभर धरून चाला की रेसमधले सगळे घोडे अगदी सारख्या ताकदीचे आहेत.

हँडिकॅपमध्ये सोळा घोडे असतील तर प्रत्येकाची पहिलं येण्याची शक्यता सोळात एक. त्याचा रास्त भाव 15/1. पहिल्या चारांत येण्याची शक्यता सोळात चार, म्हणजे चारात एक. त्याचा रास्त भाव 3/1. पण बुकमेकर प्लेसला पंधराचा चौथा हिस्सा देतो, म्हणजे पावणेचार. रास्त भाव तीन आणि मिळतात पावणेचार. प्लेसच्या पैजेत अटी तुमच्या बाजूला झुकलेल्या आहेत.

एक घोडा कमी करा. पंधरा घोडे, रास्त भाव 14/1. आता प्लेस तिघांनाच, म्हणून शक्यता पंधरात तीन, म्हणजे पाचात एक, आणि रास्त भाव 4/1. मिळतो चौदाचा चौथा हिस्सा, साडेतीन. रास्त भाव चार आणि मिळतात साडेतीन. एकच घोडा कमी झाला आणि पारडं बुकमेकरकडे गेलं.

आठ घोड्यांची साधी रेस घ्या. रास्त भाव 7/1. तीन जागा, आठात तीन शक्यता, त्याचा रास्त भाव एका पाउंडला साधारण 1 पाउंड 67 पेन्स. मिळतो सातचा पाचवा हिस्सा, 1 पाउंड 40 पेन्स. आणि सात घोडे असतील तर रास्त भाव 6/1, दोन जागा, प्लेसचा रास्त भाव अडीच, मिळतो दीड. या चार उदाहरणांत सर्वात पातळ अट हीच, सात घोड्यांची. 'चौथा हिस्सा' ऐकायला बरा वाटतो, पण जागा दोनच असतात.

खऱ्या रेसमध्ये घोडे सारखे नसतात आणि बुकमेकर विनच्या भावातच आपली कमाई आधी कापून ठेवतो, त्यामुळे सोळा घोडे दिसले की फायदा पक्का असं मुळीच नाही. शिवाय एक-दोन जबर फेव्हरिट, म्हणजे अगदी लहान भावाचे घोडे, असतील तर पहिल्या चारांतल्या जागा आधीच अडतात आणि बाकीच्यांना कमी उरतात. तरीही अटींचा कल कुठे आहे हे या हिशेबातून दिसतं. मोठा भाव, मोठी हँडिकॅप, सोळा किंवा जास्त घोडे : ईच-वेची खरी जागा ही.

म्हणूनच घोडा ऐनवेळी रेसमधून बाहेर निघाला तर काय होतं, हे नीट समजून घ्या. रेसकार्डावर सोळा नावं छापलेली असतात, पण सकाळी एखाद्याचा पाय दुखतो, पावसाने जमीन ओली झाली म्हणून ट्रेनर घोडा काढून घेतो, किंवा सुरुवातीच्या लोखंडी कप्प्यांत, ज्यांना स्टॉल्स म्हणतात, घोडा शिरायलाच तयार होत नाही. अशा घोड्याला नॉन-रनर म्हणतात. प्लेसच्या अटी कार्डावर छापलेल्या संख्येवर ठरत नाहीत. प्रत्यक्ष सुरुवातीला हजर असलेल्या घोड्यांवर ठरतात. तुम्ही चार जागांवर पैज लावली आणि सोळातला एक निघाला की तुमच्या हातातलं तेच तिकीट आता तीन जागांचं झालं. त्यावर नव्याने काही लिहिलं जात नाही, तुम्हाला कुणी विचारतही नाही.

त्यात आणखी एक कपात येते. निघालेला घोडा ताकदवान असेल तर बाकीच्या सगळ्यांची जिंकण्याची शक्यता वाढते, पण तुम्ही तर आधीच्या मोठ्या भावाने पैज लावून बसलेले असता. तो फरक भरून काढायला 'रूल फोर' नावाचा नियम आहे. निघालेल्या घोड्याचा भाव जितका लहान, तितकी कपात मोठी. 4/1 चा घोडा निघाला तर नफ्यातल्या प्रत्येक पाउंडामागे वीस पेन्स कापतात. 10/1 ते 14/1 चा निघाला तर पाच पेन्स. 14/1 हून मोठ्या भावाचा निघाला तर कपात नाही. कपात फक्त नफ्यावर होते, मूळ रकमेला हात लागत नाही, आणि ती विन आणि प्लेस दोन्ही पैजांना लागते.

तुमच्याच तिकिटावर लावून पाहू. तुम्ही 12/1 ने पाच पाउंड ईच-वे लावलेत आणि त्यानंतर 4/1 चा घोडा निघाला. घोडे उरले पंधरा. अटी झाल्या पहिले तीन, चौथा हिस्सा. तुमचा घोडा पहिला आला तर विनचा नफा साठ, त्यातून बारा कापले, अठ्ठेचाळीस उरले, पाच परत, त्रेपन्न. प्लेसचा नफा पंधरा, त्यातून तीन गेले, बारा उरले, पाच परत, सतरा. एकूण सत्तर, आधीच्या पंच्याऐंशीऐवजी. दुसरा किंवा तिसरा आला तर वीसऐवजी सतरा. आणि चौथा आला तर शून्य, जिथे सकाळच्या हिशेबाने वीस मिळणार होते. खिडकीवर जास्तीत जास्त वाद याच चौथ्या घोड्यावरून होतात आणि त्यात खेळणारा हरतोच, कारण नियम असाच आहे.

यावर उपाय एकच आणि तो सोपा आहे. पैज लवकर लावायची घाई करू नका. घोडे मैदानात फिरवायला आणतात त्या रिंगभोवती उभे राहा, तुमची नजर सारंगखेड्यात तयार झालेली आहे, तिचा उपयोग इथे होईल. नॉन-रनरची घोषणा माइकवर होते आणि फळ्यावरही लागते. तोवर थांबलात आणि मग पैज लावलीत तर आधी निघालेल्या घोड्यांची कपात तुम्हाला लागत नाही, कारण तुमचा भाव त्यानंतरचा आहे. घोडे नेमके सोळाच असतील तर जरा सावध राहा, एक निघाला की चौथी जागा गेली. अठरा-वीस असतील तर दोन-तीन निघाले तरी चौथी जागा शाबूत राहते. तुमचाच घोडा निघाला तर तुमचे दहाच्या दहा पाउंड परत मिळतात, पण तिकीट दाखवून मागावे लागतात. मात्र स्टॉल्सचे दरवाजे उघडले आणि घोडा आतच उभा राहिला, तर तो पळाला असंच धरतात आणि पैसे जातात.

दोन घोडे एकदमच पोहोचले आणि फोटो पाहूनही वेगळे करता आले नाहीत, तर त्याला डेड हीट म्हणतात. समजा सोळांच्या रेसमध्ये तुमचा घोडा आणि दुसरा एक असे दोघे चौथ्या नंबरावर बरोबरीत आले. जागा एकच, दावेदार दोन. अशा वेळी तुमची प्लेसची रक्कम अर्धी धरतात. पाचचे अडीच, 3/1 ने साडेसात नफा, अडीच परत, म्हणजे दहा. घातले दहा, आले दहा. तेच दोघे तिसऱ्या नंबरावर बरोबरीत असते तर दोघांसाठी तिसरी आणि चौथी अशा दोन जागा होत्या, म्हणून तुम्हाला पूर्ण वीस मिळाले असते. पैसे कमी आले म्हणून खिडकीवर भांडायच्या आधी फळ्यावर 'डेड हीट' लिहिलंय का पाहा.

लहान भावाच्या घोड्याचंही सांगतो, कारण नवा माणूस सुरक्षित वाटतं म्हणून फेव्हरिटवर ईच-वे लावतो आणि ते बहुतेक वेळा चुकतं. 2/1 चा फेव्हरिट, आठ घोड्यांची साधी रेस, पाचवा हिस्सा. तुमचा घोडा दुसरा आला. प्लेसचा भाव दोनचा पाचवा हिस्सा, एका पाउंडला चाळीस पेन्स. पाच पाउंडांवर दोन नफा आणि पाच परत, सात. घातले दहा, आले सात. पैज 'लागली' आणि तीन पाउंड गेले. प्लेस लागून निदान घातलेले पैसे तरी परत यावेत असं वाटत असेल, तर चौथ्या हिश्श्याच्या अटीत भाव किमान 4/1 आणि पाचव्या हिश्श्याच्या अटीत किमान 5/1 हवा. त्याखालच्या भावाच्या घोड्यावर तुमचा खरंच भरवसा असेल तर सरळ विन लावा, नाहीतर ती रेस नुसती पाहा.

काही बुकमेकर मोठ्या रेसना चारऐवजी पाच, कधी त्याहून जास्त जागा देतात. ग्रँड नॅशनलसारख्या रेसमध्ये, जिथे 2024 पासून जास्तीत जास्त चौतीस घोडे पळतात, अशा जाहिराती सगळीकडे असतात. जागा वाढवली की बरेचदा हिस्सा चौथ्यावरून पाचव्यावर आणतात. तुमच्याच 12/1 वर पाचवा हिस्सा म्हणजे एका पाउंडला 2 पाउंड 40 पेन्स, पाच पाउंडांवर बारा नफा, एकूण सतरा. म्हणजे पाचव्या नंबरासाठी पहिल्या चार नंबरांतले तीन-तीन पाउंड सोडले. घोडा एकसारखा धावणारा, पण जिंकायला कमी पडणारा असेल तर हा सौदा बरा. जिंकेल असं वाटत असेल तर चौथा हिस्सा देणाऱ्याकडे जा.

आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर टोटच्या खिडकीवर विन आणि प्लेसची तिकिटं वेगवेगळी मिळतात. तिथे प्लेसला भावाचा हिस्सा नसतो, लोकांनी प्लेसवर लावलेल्या सगळ्या पैशांतून वाटणी होते आणि किती मिळाले ते रेस संपल्यावर कळतं. यॉर्कलाही टोटच्या खिडक्या आहेत आणि तिथे ईच-वे मागता येतं, पण त्याचा हिशेब आपल्या टोटसारखाच वाटणीचा असतो. वर केलेला हिस्स्यांचा हिशेब त्याला लागू होत नाही. बुकमेकर म्हणजे उंच ठोकळ्यावर उभा राहून मागे विजेचा फळा लावलेला माणूस, त्याच्याकडेच हा हिशेब चालतो. आणि इथे परत आल्यावर शहाद्यात बसून मोबाइलवरून परदेशी बुकमेकरकडे पैसे लावणं आपल्या कायद्यात बसत नाही, ते करू नका.

बुकमेकरकडे बोलायचं इतकंच : घोड्याचा नंबर, रक्कम आणि ईच-वे. "नंबर नाइन, फाइव्ह पाउंड्स ईच-वे." बुकमेकर भाव मोठ्याने म्हणून तिकीट देतो. त्यावर घोड्याचा नंबर, भाव 12/1, 'EW' ही अक्षरं आणि एकूण रक्कम दहा आहे का, उभ्या-उभ्या पाहा. 'EW' नसेल तर पूर्ण रक्कम विनवर लागलेली असू शकते. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, घोडे सुटल्यावर होत नाही. घोडा चारांत आला म्हणून लगेच धावत जाऊ नका. जॉकींचं वजन पुन्हा तपासून माइकवर "वेड इन" अशी घोषणा होते, तिच्यानंतर पैसे मिळतात. तोवर निकाल बदलू शकतो, म्हणून हरलेलं वाटणारं तिकीटही त्या घोषणेपर्यंत खिशात ठेवा, फाडू नका.